व्याजदर वाढला की महागाई कशी उतरते, हे 13 टप्पे घरभर मांडून पाठ करायची पद्धत

मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते आणि दीड-दोन वर्षांनी महागाई खाली येते, या दोन टोकांच्या मध्ये काय काय होतं हे ओळीने सांगा म्हटलं की बरेच जण चौथ्या-पाचव्या टप्प्यावर अडकतात. मीही अडकायचो. प्रत्येक टप्पा सुटा विचारला तर समजलेला असायचा, पण ओळीने लिहायला बसलं की मधलाच एखादा गायब, आणि मग पुढची सगळी साखळी लंगडी. मेमरी पॅलेस, म्हणजे ओळखीच्या जागेतून मनात फिरत एकेका जागी एकेक चित्र ठेवायचं, ही पद्धत या विषयाला फार छान बसते, पण नुसती 13 चित्रं 13 जागी ठेवून काम होत नाही. पहिल्या वेळी मी तेच केलं. तोंडी परीक्षेत 13 चित्रं बरोबर आठवली आणि तरी चलनाच्या टप्प्यावर मी उलटं सांगितलं, कारण वस्तू आठवली पण ती वर जाते की खाली हे चित्रात कुठे ठेवलेलंच नव्हतं. अर्थशास्त्रातली साखळी म्हणजे वस्तूंची यादी नसते. प्रत्येक कडीला दिशा असते, कारण असतं, आणि काही कड्या एकाच वेळी चालू असतात. हे तिन्ही घरात बसवायचं कसं ते सांगतो.

आधी कागद, मग घर

सगळ्यात आधी साखळी कागदावर लिहा, आणि प्रत्येक दोन टप्प्यांच्या मध्ये "म्हणून" हा शब्द टाकून वाक्य वाचून बघा. वाक्य पटलं नाही तर ती कडी तुम्हाला समजलेली नाही, आणि न समजलेली कडी घरात ठेवून काही उपयोग नाही. माझी साखळी अशी आहे.

महागाई लक्ष्याच्या वर आहे म्हणून मध्यवर्ती बँक पॉलिसी रेट वाढवते (1). म्हणून बँका एकमेकींना एका रात्रीसाठी पैसे देतात तो ओव्हरनाइट दर वाढतो (2). म्हणून ग्राहकांसाठी कर्जाचे आणि ठेवींचे दर वाढतात (3), बाँड, शेअर, घरं यांच्या किमती उतरतात (4), आणि जास्त व्याज मिळतंय म्हणून परकीय भांडवल आत येऊन आपलं चलन मजबूत होतं (5). म्हणून लोकांचा खर्च कमी होतो (6), कंपन्यांची गुंतवणूक कमी होते (7), आणि मजबूत चलनामुळे आपला माल बाहेरच्यांना महाग व बाहेरचा माल आपल्याला स्वस्त पडतो म्हणून निव्वळ निर्यात घटते (8). या तिन्हींमुळे एकूण मागणी घटते (9). म्हणून उत्पादन क्षमतेच्या खाली जातं (10), म्हणून बेरोजगारी वाढते (11), म्हणून वेतनवाढीचा वेग मंदावतो (12), म्हणून महागाईचा दर लक्ष्याकडे खाली येतो (13).

आता नीट बघा, ही सरळ एका रेषेतली साखळी नाहीच. 3, 4 आणि 5 एकमेकांच्या मागून येत नाहीत, तिन्ही 2 मधून निघतात आणि साधारण एकाच वेळी चालू होतात. तसंच 6, 7, 8 चं. पाठ करताना आपण 3 नंतर 4 असा क्रम लावतो, आणि मग उत्तरात "कर्जाचे दर वाढल्यामुळे भांडवल आत येतं" असलं काहीतरी लिहून बसतो, ते चूक आहे. भांडवलाला ओढतो तो बाजारातला व्याजदर, ग्राहकाचा कर्जाचा हप्ता नाही.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि पूर्ण पद्धत त्यावरच उभी आहे: एकाच वेळी घडणारे टप्पे एका खोलीत ठेवायचे, आणि खोली बदलली की काळ पुढे गेला असं धरायचं. प्रवेशाची जागा म्हणजे मध्यवर्ती बँक आणि बँकांचा आपसातला बाजार. हॉल म्हणजे वित्तीय बाजार. स्वयंपाकघर म्हणजे मागणीचे घटक. बाथरूम म्हणजे एकूण मागणी. बेडरूम म्हणजे उत्पादन आणि रोजगार. बाल्कनी म्हणजे महागाई.

रस्ता ठरवणं

तुमच्या अगदी पायाखालचं घर घ्या, डोळे मिटून चालता येईल असं. माझ्या रस्त्यावरच्या जागा: दार, चपलांचा स्टँड, सोफा, टीव्ही, खिडकी, जेवायचं टेबल, फ्रिज, सिंक, बादली, पलंग, कपाट, लिहायचं टेबल, बाल्कनीचा कठडा. तुमच्या घरात जेवायचं टेबल हॉलमध्ये असेल तर ते घेऊ नका, स्वयंपाकघरातलंच काहीतरी घ्या, कारण खोली म्हणजे गट हा नियम मोडला की पुढे सगळं विस्कटतं. आणि खोलीत नेहमी एकाच दिशेने फिरा, मी डावीकडून उजवीकडे फिरतो.

चित्रं ठेवायच्या आधी रिकामा रस्ता तीन वेळा चाला, दोनदा सरळ आणि एकदा उलटा. उलटा चालताना कुठेही थबकलात तर ती जागा कच्ची आहे, बदला. हे कंटाळवाणं वाटतं पण बहुतेकांचं गाडं इथेच फसतं, चित्रं बरी असतात पण खालची जमीनच हलत असते.

पाचव्या जागेला एक खूण करून ठेवा. रोमन काळातल्या वक्तृत्वाच्या शिकवणीतही हा सल्ला आहे, पाचव्या जागी सोन्याचा हात ठेवायचा. मी खिडकीच्या काचेवर सोन्याचा पंजा चिकटवलाय आणि दहाव्या जागी, पलंगाच्या डोक्याशी, दोन पंजे. कोणी "सातवा टप्पा कुठला" असं मधूनच विचारलं तर दारापासून मोजत बसावं लागत नाही, पंजापासून दोन पावलं पुढे गेलं की फ्रिज.

दिशेची भाषा

चित्रं बनवायच्या आधी तीन खुणा पक्क्या करा. जे वाढतं ते छताला भिडतं. जे घटतं ते जमिनीवर आपटतं किंवा जमिनीत खचतं. आणि जे वाढतच असतं पण हळू, त्यावर गोगलगाय बसलेली असते. ही तिसरी खूण मी नंतर घातली. 12 आणि 13 मध्ये वेतन घटत नाही, वेतनवाढ मंदावते, आणि किमती घटत नाहीत, किमती वाढण्याचा वेग घटतो. दुधारी जागा आहे ही. महागाई 8 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आली म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही, त्या अजून महाग होतायत, फक्त आधीपेक्षा सावकाश. किमती खरोखर खाली येणं म्हणजे डिफ्लेशन, ती वेगळी गोष्ट. चित्रात दोन्ही वस्तू जमिनीवर आपटल्या की उत्तरातही तीच चूक उतरते.

आता चालायला लागू

दार. दारात पोलीस उभा आहे, कारण पॉलिसी आणि पोलीस कानाला जवळ लागतात, आणि दर वरून दार. तो दोन्ही हातांनी दार उखडून छतापर्यंत उचलतोय, बिजागऱ्या करकरतायत. त्याच्या हातात एक लाल दोरी आहे, ती पूर्ण घरातून जाते, तिचं काम शेवटी कळेल.

चपलांचा स्टँड. त्यावर सूट घातलेली घुबडं बसलीत आणि एकमेकांना बूट उधार देतायत, फक्त रात्रीपुरते, सकाळी परत. ओव्हरनाइट दर. बुटांची रास छताला टेकलीय. इथे मी एक चूक केली होती, घुबडं तपकिरी आणि स्टँडही तपकिरी, दोनदा फिरलो आणि दोन्हीदा ती दिसलीच नाहीत. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी सोलोमन शेरेशेव्स्की या विलक्षण स्मरणशक्तीच्या माणसाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, तोही मनातल्या रस्त्यावर वस्तू ठेवायचा, आणि एकदा त्याची एक वस्तू सुटली कारण त्याने अंडं पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलं होतं. म्हणजे तो विसरला नव्हता, त्याला ते दिसलंच नाही. घुबडं पांढरीशुभ्र केली आणि प्रश्न मिटला.

सोफा. सोफ्याखाली जॅक लावलाय आणि तो वर चढतोय. एका टोकाला घामाघूम कर्जदार, त्याचं डोकं छताला घासतंय, दुसऱ्या टोकाला ठेवीदार खुशीत पाय हलवत बसलाय. दोघं एकाच सोफ्यावर, म्हणजे कर्ज आणि ठेव दोन्हींचे दर वर, हे एका चित्रात येतं.

टीव्ही. स्क्रीन फुटून त्यातून एक छोटं घर, शेअरचा लाल आलेख आणि बाँडचा कागद धाडकन जमिनीवर पडतात. बाँड का पडतो हे इथेच उभं राहून एकदा स्वतःला सांगा. समजा एक वर्षाचा बाँड आहे, शेवटी 105 देणार. बाजारात 5 टक्के मिळत असताना त्याचे 100 मिळतात. दर 6 टक्के झाला की तेच 105 मिळवायला आज 99.06 पुरतात, 105 भागिले 1.06, म्हणून जुन्या बाँडला 100 कोणी देत नाही. वीस वर्षांच्या बाँडमध्ये हीच घसरण बरीच मोठी होते. हे गणित चित्रात कोंबू नका, चित्र फक्त "पडतो" एवढंच सांगतं.

खिडकी, सोन्याच्या पंजाची. परदेशी नोटा थव्याने आत उडत येतायत आणि खिडकीतलं आपलं नाणं फुगून छताला जातंय. मी अडकलो होतो ती हीच जागा. विनिमय दर वर की खाली असं पाठ करूच नका, कारण एक डॉलर म्हणजे आपली किती नाणी असं मोजलं तर चलन मजबूत झाल्यावर तो आकडा कमी होतो, आणि उलटं मोजलं तर वाढतो. चित्रात आकडा ठेवायचाच नाही, आपलं नाणं गलेलठ्ठ झालं एवढंच ठेवा, मग प्रश्नात कसंही विचारलं तरी तिथून काढता येतं.

इथे हॉल संपतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबा, मी मुद्दाम थांबतो, कारण उंबरा म्हणजे "आणि या तिन्हींमुळे".

जेवायचं टेबल. चारही पाय जमिनीत खचलेत, वर रिकाम्या खरेदीच्या पिशव्या. खर्च खाली. फ्रिज. आत कारखान्याचं यंत्र गोठलंय, त्याच्याभोवती लोकरीचा मोठा गुंता, गुंत्यावरून गुंतवणूक, आणि दार उघडल्याबरोबर सगळं पायावर पडतं. सिंक. मालवाहू जहाज बुडालंय, तळाला टेकलंय, आणि नळातून परदेशी कंटेनर धो धो येतायत. निर्यात बुडाली, आयात आत आली, निव्वळ निर्यात खाली.

बादली. बाथरूममध्ये एकच वस्तू, बादली, आणि तिच्यावर चार नळ. तीन नळ स्वयंपाकघरातून आलेत, टेबल, फ्रिज, सिंक, आणि तिघांची धार बारीक झालीय. चौथा नळ सरकारी खर्चाचा, तो होता तसाच चालू आहे. पाण्याची पातळी तळाकडे उतरतेय पण बादली कोरडी पडत नाही. मला हे चित्र सगळ्यात आवडतं कारण एकूण मागणीचं समीकरणच त्यात उभं आहे, आणि या साखळीत सरकारी खर्च का येत नाही याचं उत्तरही.

पलंग, दोन पंजांचा. त्यावर अर्धा कारखाना झोपलाय आणि गादीला मधोमध खड्डा पडलाय. खड्डा म्हणजे क्षमता आणि प्रत्यक्ष उत्पादन यातली तूट, आउटपुट गॅप. कपाट. उघडलं की आत माणसं एकावर एक, छतापर्यंत, प्रत्येकाच्या हातात बायोडेटा. बेरोजगारी वर. बेडरूममधली ही एकच गोष्ट छताला भिडते आणि म्हणूनच लोक इथे चुकतात, सगळं घटतंय त्या ओघात बेरोजगारीही घटवून टाकतात.

लिहायचं टेबल. पगाराचं पाकीट भिंतीवरून वर चढतंय पण पाठीवर गोगलगाय. कठडा. बाल्कनीत मोठा फुगा, तोही वरच जातोय, त्यावरही गोगलगाय, आणि फुग्याला बांधलीय तीच लाल दोरी जी दारातल्या पोलिसाच्या हातात होती. साखळी सुरू झाली ती महागाईमुळे आणि संपते महागाईवर, तो दोरी ओढत उभा आहे फुगा लक्ष्याच्या रेषेवर येईपर्यंत.

आडवाटा

दोन गोष्टी या रस्त्यात बसत नाहीत आणि त्या 14 वा, 15 वा टप्पा म्हणून शेवटी जोडू नका. पहिली, चलन मजबूत झालं की आयात स्वस्त होते आणि महागाईवर थेट परिणाम होतो, मागणी-बेरोजगारीच्या लांब वाटेने जायची गरज नसते. त्यासाठी खिडकीतून बाहेर एक तार काढलीय, ती इमारतीच्या बाहेरून सरळ बाल्कनीत येते आणि तिच्यावरून कंटेनर घसरत येतात. दुसरी, अपेक्षा. बँक गंभीर आहे असं लोकांना पटलं तर ते आजच कमी महागाई धरून पगार मागतात आणि किमती ठरवतात. हे एका जागेवरचं नाहीच, म्हणून ते आवाज आहे: दारातला पोलीस कर्ण्यातून ओरडतो आणि पूर्ण घरात ऐकू येतं, लिहायच्या टेबलापाशी सगळ्यात मोठ्याने.

उजळणी आणि तपासणी

एका चित्राला 15-20 सेकंद पुरेत, त्याहून जास्त सजवत बसू नका. ठेवून झालं की लगेच एक फेरी, मग तासाभराने, झोपताना, दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने. दर फेरीत तीन गोष्टी मोठ्याने बोला: टप्प्याचं खरं नाव, दिशा, आणि "म्हणून"चं वाक्य. नुसतं "घुबड, सोफा, टीव्ही" म्हणत फिरलात तर आठवड्याने घुबड पक्कं राहील आणि ओव्हरनाइट दर उडालेला असेल. माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं, तिला फ्रिजमधला गुंता लख्ख दिसत होता पण तो कशाचा हे सांगता येईना, कारण तिने माझंच चित्र उचललं होतं. तिला गुंतवणूक म्हटल्यावर गुंता सुचतच नव्हता, विटा सुचत होत्या. तिने विटा ठेवल्या आणि काम झालं. तेव्हा वरची चित्रं नमुना म्हणून बघा, ज्या शब्दावरून तुम्हाला स्वतःला जे सुचेल ते ठेवा.

तिसऱ्या फेरीनंतर मधूनच स्वतःला प्रश्न टाका. 8 च्या आधी काय, 11 कशामुळे, 5 मधून किती वाटा निघतात (दोन, सिंक आणि तार). सरळ फेरी जमते पण मधून विचारल्यावर अडखळायला होतं, तर दर वेळी दारापासून सुरुवात करताय असं समजा, एकदा बाल्कनीतून आणि एकदा खिडकीपासून सुरू करा.

आणि हेच घर लगेच दुसऱ्या साखळीला वापरू नका. मी त्याच आठवड्यात तिथे दुसऱ्या विषयाचे टप्पे ठेवले आणि सोफ्यावर दोन चित्रं दिसायला लागली. दुसऱ्या विषयाला दुसरी जागा घ्या, ऑफिस, शाळा, रोजचा चालायचा रस्ता.

दरकपातीसाठी मात्र वेगळं घर लागत नाही. याच घरातून चाला आणि प्रत्येक वस्तू उलटी करा, पोलीस दार खाली दाबतोय, टीव्हीतून घर वर उडतंय, नळ जोरात, कपाट रिकामं, फुग्यावर गोगलगाय नाही. हे करताना दोन ठिकाणी थांबा. दारापाशी, कारण दर शून्याच्या आसपास आला की दार जमिनीला टेकतं आणि आणखी फारसं दाबता येत नाही. आणि फ्रिजपाशी, कारण कर्ज महाग करून कंपनीला थांबवता येतं, पण स्वस्त केलं म्हणून विक्रीची खात्री नसलेली कंपनी यंत्र घेईलच असं नाही. या दोन जागांवर उलटी फेरी सरळ फेरीची हुबेहूब नक्कल होत नाही, म्हणून मी तिथे जमिनीवर पांढऱ्या खडूने फुली मारून ठेवलीय.